समासातली सूचना : सोडवा की सोडा?

गटाची मीटिंग आटोपून, चुलीवर भाकरी टाकत किंवा शेतातून येता येता तुम्ही हे ऐकत असाल. आज एका छोट्या गोष्टीवर बोलायचं आहे, पण त्या छोट्या गोष्टीवरून घराघरांत रात्री कटकट होते. साक्री तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच-सहा जणी संध्याकाळी मुलांना ओट्यावर अभ्यासाला बसवतो. आमच्यात कुणी दहावी झालेली, कुणी सातवीतून शाळा सुटलेली, तर एकीला फक्त सही येते. मुलं शाळेतून छापील कागद आणतात. कुणी त्याला वर्कशीट म्हणतं, कुणी सरावपत्रिका, कुणी नुसतं झेरॉक्स. त्या कागदाच्या कडेला जी कोरी पट्टी असते तिला शाळेत समास म्हणतात. त्या समासात बाईंनी किंवा सरांनी पेनानं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रश्न खोडलेला असतो, नाहीतर आकडा बदललेला असतो. मग मूल विचारतं, छापलेलं खरं की लिहिलेलं खरं? आणि आपण म्हणतो, "हाई काय लिखेल शे वं माय?"

याचं साधं उत्तर असं की हाताचं लिहिलेलं खरं. कागद छापणाऱ्याला तुमचं मूल कोणत्या वर्गात आहे, काय शिकून झालंय, हे ठाऊक नसतं. शिक्षकाला ते ठाऊक असतं आणि उत्तरही तेच तपासणार असतात. शिवाय आधी छापलं गेलं, नंतर लिहिलं गेलं. एकाच माणसाच्या दोन सूचना असतील तर नंतरची धरायची, हे आपण गटाच्या हिशेबवहीतही पाळतोच. पण हे उत्तर तेव्हाच चालतं, जेव्हा लिहिणारे आपलेच शिक्षक आहेत, त्यांनी या वर्षी लिहिलंय, आपल्याच मुलासाठी लिहिलंय, आणि आपण ते बरोबर वाचलंय. घोटाळा होतो तो या चार ठिकाणी.

आधी कागद हातात घ्या आणि उलटा करा. हे वाचता न येणाऱ्या आईलाही जमतं. बॉलपेननं लिहिलेलं असेल तर मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर उठाव लागतो. उठाव नसेल आणि लिहिलेल्याचा रंग छापील अक्षरासारखाच काळा-करडा असेल, तर ती सूचना झेरॉक्स काढण्याच्या आधीच मूळ कागदावर लिहिलेली होती. हा फरक कामाचा आहे. झेरॉक्समध्ये उतरलेली सूचना ज्यांना ज्यांना तो कागद मिळाला त्या सगळ्यांसाठी असते. शेजारच्या मुलाचा कागद मागवून शेजारी ठेवला की लगेच कळतं. जेल पेननं उठाव येत नाही, पण रंग निळा किंवा लाल असेल तर तो हातानंच लिहिलेला, हे उघड आहे.

झेरॉक्सची एक खोड मात्र लक्षात ठेवा. मशीनमध्ये कागद जरा सरकला की कड कापली जाते. मग समासातल्या सूचनेचं डोकं किंवा शेपूट जातं. "आकृती काढू नका" मधलं "नका" कापलं गेलं तर उरतं "आकृती काढू". असं अर्धं दिसलं की अंदाज करायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या कागदावर ते पूर्ण उमटलंय का ते पाहायचं.

आता हातानं, वेगळ्या रंगात लिहिलेली सूचना आपल्याच मुलाच्या कागदावर आहे आणि शेजाऱ्याच्या कागदावर नाही, असं झालं तर? पहिली शंका येते की पोरानंच लिहिलं असेल, अभ्यास चुकवायला. असंही होतं, नाही म्हणत नाही. पण लगेच पाठीत धपाटा घालू नका. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांचे वाचनाचे आणि गणिताचे स्तर पाहून वेगवेगळं काम दिलं जातं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं लेकरू चार महिन्यांनी परत येतं तेव्हा बाई त्याच्या कागदावरचे दोन प्रश्न मुद्दाम खोडतात, कारण तो धडा त्यानं ऐकलेलाच नसतो. ती सूचना फक्त त्याच्यासाठी असते. उलटही होतं. हुशार मुलीच्या कागदावर "हेही कर" असं जास्तीचं लिहिलेलं असतं. म्हणून शेजारी नाही म्हणजे खोटं, असं धरायचं नाही. अक्षर पाहायचं. वहीत बाईंनी आधी कुठेतरी "छान" किंवा "पुन्हा लिही" असं लिहिलेलं असतंच. ते अक्षर आणि हे अक्षर जुळतंय का, हे अनपढ बाईच्याही नजरेला कळतं. आपण वेगवेगळ्या घरांतल्या भाकरीही ओळखतो की.

आणखी एक गोष्ट. कागद किंवा पुस्तक थोरल्या भावंडाचं तर नाही ना? २०२३-२४ साली बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं जोडली होती, मुलांनी वर्गातल्या नोंदी तिथेच लिहाव्यात म्हणून. तशी पुस्तकं अजून घरात असतात आणि धाकट्याच्या हातात येतात. त्यातल्या खुणा थोरल्याच्या वर्षाच्या असतात. त्या वर्षी पाऊस लांबला, शाळा बंद राहिली, म्हणून तो प्रश्न गाळला असेल. या वर्षी तो गाळलेला नाही. पुस्तक जुनं असेल तर समासातली जुनी सूचना रद्दच समजा. तारीख लिहिलेली असली तर प्रश्नच मिटला, पण शिक्षक तारीख क्वचितच लिहितात.

आता वाचण्याकडे येऊ. आमच्या ओट्यावर सगळ्यात जास्त गोंधळ घालणारे दोन शब्द म्हणजे "सोडवा" आणि "सोडा". एक म्हणतो कर, दुसरा म्हणतो करू नको. मधे फरक एका "व" चा. घाईत लिहिलेला "व" म्हणजे नुसता एक वळसा, तोही काही जणांच्या हातून "ड" ला चिकटलेला. बायांनो, शब्द एवढा जवळचा असेल तर शब्दावर विसंबू नका, खुणेकडे बघा. ज्या प्रश्नाला गाळायचंय त्याच्यावर बहुतेक वेळा आडवी रेघ असते किंवा फुली असते. ज्याला करायचंय त्याच्याभोवती गोल असतो, खाली रेघ असते, किंवा बाजूला चांदणी असते. प्रश्नाच्या अंगावरून रेघ गेली असेल आणि बाजूला "सोडा/सोडवा" असं धूसर काही असेल, तर ते "सोडा" असणार. आणि "फक्त अ सोडवा" असं असेल तर त्याचा अर्थ "आ" आणि "इ" करू नका असाही होतो, जरी त्यांच्यावर रेघ नसली तरी. "फक्त" हा शब्द मुलं नेमका विसरतात.

खूणही नाही आणि शब्दही कळत नाही, तर काय करायचं? आमच्या ओट्यावर आम्ही असं ठरवलंय. तो प्रश्न सोडवायचा, पण वहीच्या मागच्या पानावर. गाळलेला प्रश्न उगाच सोडवला तर दहा मिनिटं गेली, एवढंच नुकसान. न गाळलेला प्रश्न सोडून दिला तर गुण जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहावं लागतं. दोन्ही नुकसानं सारखी नाहीत, म्हणून शंका असेल तेव्हा सोडवण्याकडे झुकायचं.

सूचना दोन प्रश्नांच्या मधे लिहिली असेल तर ती वरच्याची की खालच्याची, हाही पेच पडतो. बाण असेल तर सोपं. नसेल तर सूचनेतला शब्द कोणत्या प्रश्नाला लागतो ते पाहा. "तोंडी" असं असेल तर पाढे किंवा कविता म्हणण्याचा प्रश्न शोधा. "वहीत" असं असेल तर ज्या प्रश्नाखाली उत्तराला जागा कमी आहे तो शोधा. कागदावर दोन्ही बाजूंना लागेल अशी सूचना फार थोडी असते.

आता एक पूर्ण उदाहरण करून बघू. जवळ पेन्सिल असेल तर घ्या. पाचवीच्या मुलाचं गणित आहे, आणि कांद्याचंच आहे, म्हणून तुम्हाला परकं वाटायचं नाही. छापील प्रश्न असा. एका गोणीत ४५ किलो कांदा आहे. अशा १२ गोण्या बाजार समितीत नेल्या. (अ) एकूण कांदा किती किलो? (आ) तो किती क्विंटल? (इ) एका क्विंटलला १,२०० रुपये भाव मिळाला, तर एकूण रुपये किती? (ई) गाडीभाडे ३६० रुपये दिल्यावर हातात किती उरले?

छापल्याप्रमाणे ४५ गुणिले १२ म्हणजे ५४० किलो. शंभर किलोचा एक क्विंटल, म्हणून ५ क्विंटल आणि वर ४० किलो, म्हणजे ५.४ क्विंटल. त्याचे ६,४८० रुपये. भाडं वजा जाता ६,१२० रुपये. वर्कशीटच्या शेवटच्या पानावर हीच उत्तरं छापलेली आहेत.

पण समासात बाईंनी ४५ वर रेघ मारून बाजूला दुसरा आकडा लिहिलाय. मूल सेमी इंग्रजीत शिकतंय. त्याला इंग्रजी आकड्यांची सवय. बाईंनी मराठी पाच लिहिलाय, ५०. मराठी पाच घाईत लिहिला की इंग्रजी चारसारखा दिसतो. मुलानं वाचलं चाळीस. आपल्या मराठी चाराचंही असंच, तो इंग्रजी आठासारखा दिसतो. सेमीच्या मुलांच्या कागदावर हा घोळ आम्ही किती वेळा पाहिला त्याला गणती नाही.

मग पन्नास की चाळीस, हे ठरवायचं कसं? दोन्ही घालून बघायचं. चाळीस घातले तर ४० गुणिले १२ म्हणजे ४८० किलो, म्हणजे ४ क्विंटल आणि ८० किलो. पुन्हा अर्धवटच. पन्नास घातले तर ५० गुणिले १२ म्हणजे ६०० किलो, बरोबर ६ क्विंटल. इथे बाईंच्या मनातलं दिसतं. दशांश अपूर्णांकांचा पाठ अजून व्हायचा असणार, म्हणून त्यांनी आकडा असा बदलला की क्विंटल पूर्ण यावेत. शिक्षक आकडा उगाच बदलत नाहीत. बदलल्यावर हिशोब सोपा किंवा सरळ होत असेल तर आपण बरोबर वाचलं. बदलल्यावर तो आणखी किचकट होत असेल तर पुन्हा डोळे चोळून वाचा. ही खात्री दरवेळी पक्की नसते. एखादे सर मुद्दाम अवघडही करतात. पण बहुतेक वेळा हे चालतं.

आता पुढे. (अ) चं उत्तर ६०० किलो. (आ) सहा क्विंटल. (इ) सहा गुणिले १,२०० म्हणजे ७,२०० रुपये. (ई) ७,२०० वजा ३६० म्हणजे ६,८४० रुपये. म्हणजे एक आकडा बदलला आणि चारही उत्तरं बदलली. मुलं इथेच घसरतात. बदल (अ) शेजारी लिहिलेला असतो म्हणून फक्त (अ) मध्ये पन्नास घालतात, ६०० किलो लिहितात, आणि मग मागच्या पानावरून ६,४८० आणि ६,१२० उतरवतात. मागच्या पानावरची उत्तरं जुन्या आकड्याची आहेत, बाईंच्या पेनानं ती बदललेली नाहीत. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. ६०० किलो म्हणजे सहा क्विंटल, आणि १,२०० च्या भावानं सहा क्विंटलचे ६,४८० कसे होतील? तुम्ही पिंपळनेरच्या किंवा साक्रीच्या बाजारात कांदा विकता, व्यापाऱ्याची पट्टी अशी आली तर तुम्ही तिथेच हिशोब मांडायला लावाल. वहीचंही तसंच तपासा. वाचता आलं नाही तरी मुलाला मोठ्यानं विचारा, "किती गोण्या? एकीत किती? मग सगळा किती? भाव काय?" हिशोब तोंडानं जुळला नाही तर कुठेतरी जुना आकडा राहिलाय.

एक बारीक गोष्ट. भाव आणि भाडं बाईंनी खोडलेलं नाही. म्हणून १,२०० आणि ३६० तसेच राहतात. एक आकडा बदलला म्हणून बाकीचेही आपल्या मनानं बदलायचे नाहीत. आमच्याकडे एका पोरीनं "गोणी मोठी झाली तर भाडंही वाढेल ना" असं म्हणून भाडं वाढवलं. डोकं चांगलं आहे तिचं, शेतकऱ्याच्या घरातलं आहे. पण गणितात जे खोडलं तेवढंच बदलायचं.

आता वहीत लिहायचं कसं? शिक्षकांसमोर चाळीस वह्या असतात. कोणाच्या कागदावर काय लिहिलं होतं ते त्यांना आठवेलच असं नाही. म्हणून उत्तराच्या आधी मुलानं एक ओळ लिहायची: "समासातील सूचनेप्रमाणे ४५ ऐवजी ५० घेतले." एवढंच. मग वाचताना मुलाची चूक झालीच असेल, तरी त्यानं काय धरून सोडवलं हे दिसतं आणि रीत बरोबर असल्याचे गुण मिळण्याची शक्यता राहते. प्रश्न गाळलेला असेल तर त्याचा क्रमांक सोडायचा नाही. "प्रश्न ५ : रद्द (बाईंची सूचना)" असं लिहायचं आणि पुढे जायचं. क्रमांक गाळून पुढचे प्रश्न वर सरकवले की सहावा प्रश्न पाचवा होतो आणि तपासताना सगळीच उत्तरं चुकीच्या प्रश्नापुढे येतात.

क्रमांक लिहिण्याचं महत्त्व मोठ्या परीक्षेतही दिसलं होतं. २१ फेब्रुवारी २०२३ ला बारावीचा इंग्रजीचा पेपर होता. त्यात कवितेच्या भागात काही ठिकाणी प्रश्नच नव्हते, त्यांच्या जागी तपासणाऱ्यासाठीचा मजकूर छापून गेला होता. नंतर मंडळानं त्याचे ६ गुण द्यायचं ठरवलं, पण अटी घालून. ज्यांनी त्या भागातलं काही सोडवायचा प्रयत्न केला होता, किंवा निदान त्या चुकलेल्या प्रश्नांचे क्रमांक उत्तरपत्रिकेत लिहिले होते, त्यांना ते गुण मिळणार होते. प्रश्नच नाही तर लिहू काय, म्हणून ज्यानं जागाच सोडली, त्याच्या बाबतीत मंडळाला धरायला काहीच नव्हतं. दहावी-बारावीच्या मुलांच्या आयांनी हे घरी जरूर सांगा. आणि हेही सांगा की बोर्डाच्या पेपरात समासातल्या पेनाच्या सूचनेला काही किंमत नसते. तिथला बदल मंडळाकडूनच येतो आणि वर्गात सगळ्यांना एकदम सांगितला जातो. शेजारच्यानं कानात सांगितलं, "तो प्रश्न रद्द झालाय", तर ऐकायचं नाही. हात वर करून वर्गावरच्या पर्यवेक्षकांनाच विचारायचं.

घरच्या कागदाला परत येऊ, कारण गुणांवरून होणारी भांडणं तिथलीच आहेत. कागदाच्या डोक्यावर "एकूण गुण २०" छापलेलं असतं. दोन गुणांचा एक प्रश्न बाईंनी रद्द केला. मुलाला १६ मिळाले. बाप म्हणतो, चार गेले कुठे? पण परीक्षा २० ची राहिलीच नव्हती, १८ ची झाली होती. चार नाही, दोनच गेले. शंभराच्या मापात पाहिलं तर २० पैकी १६ म्हणजे ८०, आणि १८ पैकी १६ म्हणजे जवळजवळ ८९. प्रश्न रद्द असेल तर वरचा "२०" सुद्धा बाईंनी बदललाय का ते पाहा. बदलला नसेल तर मुलाला सांगा, बाईंना विचार, "मॅडम, हे अठरापैकी आहेत का?" काही शिक्षक रद्द प्रश्नाचे गुण सगळ्यांना देऊन टाकतात, मग ते वीसपैकीच राहतात. दोन्ही रीती चालतात. कोणती चालली ते विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारायचं कसं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कुणाला वाटतं शिक्षकांना विचारलं की ते रागावतील, आपण कमी शिकलेल्या. आमचा अनुभव असा की नेमकं विचारलं तर कुणी रागावत नाही. "हे काय दिलंय पोराला?" असं विचारलं तर ते भांडण वाटतं. "तिसऱ्या प्रश्नात ४५ ऐवजी ५० वाचायचं की ४०?" असं विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं. पालकांचा व्हॉट्सॲप गट असेल तर पूर्ण कागदाचा फोटो टाका, नुसत्या त्या ओळीचा नाही, म्हणजे बाईंना कोणता कागद ते ओळखता येतं. मोबाइल नसेल तर मुलाच्या वहीत त्या पानावर एक प्रश्नचिन्ह काढून त्याच्याभोवती गोल करा. सही येणाऱ्या आमच्या बाईनंच ही युक्ती काढली. शब्द लिहिता येत नव्हते, म्हणून ती प्रश्नचिन्ह काढायची. आता शाळेत सगळ्यांना माहीत झालंय की त्या गोलातल्या प्रश्नचिन्हाचा अर्थ "घरी हे कळलं नाही" असा आहे, आणि वही तपासताना बाई आधी तिथेच थांबतात.